आतल्या टायरची हवा

२०२३ ची चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. मी पुण्याहून सुट्टी घेऊन मांद्र्याला घरी आले होते. १७ तारखेला पहाटे साडेचार वाजता बाबांचा फोन वाजला आणि आम्ही सगळेच जागे झालो. पलीकडून आमचे जुने ड्रायव्हर बोलत होते. सगळे त्यांना मामा म्हणतात. बेळगावहून भाजी भरून निघालेला टेम्पो चोर्ला घाटात उभा होता. मागच्या डाव्या बाजूचे दोन्ही टायर गेले होते आणि स्टेपनी एकच होती. भोवती पाऊस, धुकं आणि वळण. मामा गाडीच्या मागे हातात बॅटरी घेऊन उभे होते. येणाऱ्या गाड्यांना आपण दिसावं, एवढीच त्यांची धडपड होती.

गोव्यात चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत भाजीला काय मागणी असते, ते इथल्या घरांना सांगायला नको. दुसरा टायर मिळवून घाटात पोचवेपर्यंत सकाळचे दहा वाजले. म्हापशाच्या बाजारात माल पोचला तोवर दुपार झाली होती. निम्मी पालेभाजी वाया गेली होती आणि आमच्या जुन्या गिऱ्हाइकाने दुसऱ्याकडून माल घेतला होता. पण बाबा त्या दिवशी भाजीबद्दल काही बोलले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "मामा रस्त्यावर उभे होते ना, त्यांना कोणी उडवलं असतं तर?"

आमचा धंदा छोटा आहे. दोन सहाचाकी टेम्पो, एक पिकअप आणि दोन मिनीबस. टेम्पो आठवड्यातून चार वेळा बेळगावला जातात. म्हापसा, डिचोली, साखळी, सत्तरीतली केरी आणि मग चोर्ला घाट, असा रस्ता. जाऊन-येऊन साधारण अडीचशे किलोमीटर होतात. मिनीबस पर्यटकांसाठी आणि लग्नाच्या वऱ्हाडासाठी. जानेवारी २०२३ मध्ये मोपाच्या विमानतळावरून विमानं सुरू झाली तेव्हापासून तिकडच्या फेऱ्याही वाढल्या. घरात गाड्या असल्या तरी मी त्यात कधी लक्ष घातलं नव्हतं. माझं काम हिशोबाचं. त्या चतुर्थीला मात्र लक्ष घालावं लागलं.

फाटलेला टायर काय सांगतो

फुटलेला टायर मी भंगारात देणार होते. आमच्या मेस्त्रींनी थांबवलं. "बाय, आधी तो वाच. मग टाक," म्हणाले.

त्यांनी टायर उजेडात आणून आतून दाखवला. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, म्हणजे ट्रेडवर, खिळा नव्हता की दगडाचा काप नव्हता. फाटली होती ती बाजूची भिंत, आणि तीही गोल, जणू कोणी कात्रीने चक्राकार कापत नेली असावी. आतल्या बाजूला रबर काळंनिळं होऊन चुरा झालं होतं आणि दोरे सुटून केसांसारखे बाहेर आले होते. "हा फुटलेला नाही, हा शिजलेला आहे," मेस्त्री म्हणाले. "हवा कमी असताना बरेच दिवस चालला आहे."

टायरमध्ये हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला त्याची भिंत जास्त वाकते. एखादी तार हाताने वाकवत राहिलं की ती गरम होते, तसंच हे. ही उष्णता रबर आणि दोऱ्यांचा जोड सैल करते. भरलेली गाडी घाट उतरते तेव्हा ब्रेकची उष्णता रिममधून टायरला मिळते, ती वेगळीच. म्हणून टायर बेळगावच्या सपाट रस्त्यावर टिकला आणि घाटाच्या उतारावर गेला.

मग बाहेरचा टायर का गेला? टेम्पोच्या मागे प्रत्येक बाजूला दोन टायर जोडीने असतात, एक आत आणि एक बाहेर. आतला बसला की त्याच्या वाट्याचं ओझं क्षणात बाहेरच्यावर येतं. बाहेरच्याने ते काही किलोमीटर ओढलं आणि तोही गेला.

खरी चूक आणखी साधी होती. आतल्या टायरचा व्हॉल्व्ह दोन चाकांच्या मध्ये अडकलेला असतो. तिथे हात नीट जात नाही, म्हणून कोणी हवा तपासतच नाही. ड्रायव्हर लोखंडी पाना टायरवर मारून आवाजावरून अंदाज घेतात. पण त्या आवाजावरून पूर्ण बसलेला टायर तेवढा कळतो. आमच्या टेम्पोच्या मागच्या टायरांना ८५ पौंड हवा लागते. ८५ आणि ६५ मधला फरक पाना मारून कोणालाच कळत नाही. धंद्यातला जुना नियम असा की ठरलेल्या हवेपेक्षा वीस टक्के कमी हवेवर चाललेला टायर पंक्चर होऊन चालल्यासारखाच धरायचा, आणि उतरवून आतून तपासल्याशिवाय पुन्हा हवा भरून पळवायचा नाही. आमच्या हिशोबाने ही रेषा ६८ पौंडांवर येते.

बिलांचे ढीग

चतुर्थी झाल्यावर मी पुण्याला परत जाण्याआधी एक काम केलं. वर्षभराची सगळी बिलं जमिनीवर पसरली आणि रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची वेगळी काढली. ती चौदा निघाली. त्यांचे ढीग केले. सहा टायरची. तीन पाण्याची, म्हणजे होज पाइप फुटणं किंवा फॅन बेल्ट तुटून इंजिन तापणं. तीन बॅटरीची आणि वायरिंगची. उरलेली दोन इकडची तिकडची.

मेस्त्रींनी प्रत्येक बिल हातात घेऊन आठवून सांगितलं की हे आधी दिसलं असतं की नाही. होज पाइप फुटण्याआधी क्लिपजवळ फुगतो आणि दाबला तर मऊ लागतो. बेल्टला आतून चिरा पडतात. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी धरते. आमच्याकडे समुद्र हाकेच्या अंतरावर असल्यामुळे ती लवकर धरते. त्यांच्या मते चौदापैकी अकरा आधी दिसले असते. पाहणारा कोणी नव्हता, कारण पाहण्याचा दिवस ठरलेला नव्हता.

एसटीसारख्या मोठ्या ताफ्यात हा दिवस ठरलेला असतो. बस चांगली चालत असली तरी ठरल्या वेळी रस्त्यावरून काढून खड्ड्यावर उभी करतात आणि खालून तपासतात. त्याला डॉकिंग म्हणतात. टायरांवर नवा ट्रेड चढवायला एसटीची स्वतःची केंद्रंही आहेत. आमच्याकडे ना खड्डा ना केंद्र. पण दिवस ठरवायला या दोन्हींची गरज नव्हती.

भिंतीवरचा फळा

आम्ही शेडच्या भिंतीवर फळा लावला. पाच गाड्यांच्या पाच ओळी. प्रत्येक ओळीत तीनच रकाने : आजचं किलोमीटर, पुढचं काम किती किलोमीटरवर, आणि ते कोणत्या आठवड्यात येईल. तिसरा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. "८५,००० ला ग्रीसिंग" असं लिहिलं की ते कोणालाच दिसत नाही. "पुढच्या बुधवारी" लिहिलं की दिसतं.

हिशोब सोपा आहे. टेम्पो आठवड्याला हजार किलोमीटर चालतो. त्याची छोटी तपासणी आम्ही ५,००० किलोमीटरवर ठेवली, म्हणजे दर पाच आठवड्यांनी एक दिवस. त्या दिवशी ग्रीसिंग, ब्रेक लायनरची जाडी, बेल्ट, होज, एअर फिल्टर, डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणं आणि कमानपाट्याचे बोल्ट, एवढं होतं. ऑइल आणि मोठी कामं मात्र गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलेल्या अंतरावरच करतो. नव्या इंजिनांचं अंतर जुन्यांपेक्षा बरंच लांब असतं, त्यामुळे ऐकीव आकडा लावून उपयोग नाही.

मिनीबसचं गणित वेगळं निघालं. पावसाळ्यात त्या महिनाभरात हजार किलोमीटरही चालत नाहीत. किलोमीटरवर बसलो तर तपासणी फार उशिरा येईल, आणि उभी गाडीसुद्धा बिघडतेच. बॅटरी उतरते, ब्रेकचे भाग गंजतात, एकाच जागी टेकलेले टायर कडक होतात. म्हणून त्यांना "५,००० किलोमीटर किंवा तीन महिने, जे आधी येईल ते" असा नियम लावला.

दोन गाड्यांचं काम एका आठवड्यात येऊ द्यायचं नाही, हेही ठरवलं. तसं येत असेल तर एकीचं काम आठवडाभर आधी उरकायचं, पुढे ढकलायचं नाही. पुढे ढकललेलं काम पुन्हा ढकललं जातं, हा आमचा अनुभव. मोठी तपासणी मे महिन्याच्या शेवटी. तेव्हा पर्यटनाचा हंगाम संपलेला असतो आणि पाऊस दाराशी असतो. वायपर, दिवे, ब्रेक आणि टायरची खोली यांची तेव्हाच खरी गरज असते.

३३ टायरांची वही

टेम्पोला आणि मिनीबसला स्टेपनी धरून सात-सात, पिकअपला पाच. एकूण ३३ टायर. बाबांना हा आकडा ऐकून आश्चर्य वाटलं. तीस वर्षं धंदा करून त्यांनी टायर कधी मोजले नव्हते.

प्रत्येक टायरला आम्ही क्रमांक दिला आणि बाजूवर ऑइलपेंटने लिहिला. वहीत प्रत्येकाला एक पान. टायर कधी घेतला, कोणत्या चाकावर कोणत्या किलोमीटरला चढला, कधी उतरला, आणि दर सोमवारची हवा.

सोमवारी सकाळी गाड्या हलण्याआधी हवा मोजायची. थंड असताना मोजणं महत्त्वाचं आहे. गाडी पळून आली की टायर तापून हवा दहा-पंधरा पौंडांनी वाढलेली दिसते. ती जास्त झाली म्हणून कोणी काढून टाकली, तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर राहतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच दुष्टचक्रात सापडतो. आतल्या टायरांना आम्ही व्हॉल्व्हच्या लांब नळ्या बसवल्या, त्यामुळे बाहेर उभं राहून मोजता येतं. या नळ्या स्वस्त आहेत, पण हलून घासल्या की त्यांतूनच हवा जाते. म्हणून त्या चाकाला क्लिपने घट्ट बांधाव्या लागतात. हेही आम्ही एक टायर बसल्यावर शिकलो.

वहीचा उपयोग पुढे कळला. उजव्या मागच्या आतल्या टायरच्या पानावर ८५, ८५, ८४ असे आकडे होते. मग एका सोमवारी ७९ आली. मामांनी हवा भरली. पुढच्या सोमवारी ७७. एखाद्या वेळी मोजलं असतं तर "थोडी कमी आहे, भर" म्हणून विषय संपला असता. ओळीने लिहिलेलं असल्यामुळे दिसलं की हा टायर आठवड्याला आठ पौंड सोडतो आहे आणि बाकीचे पाच सोडत नाहीत. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावलं तर बारीक बुडबुडे आले. पिन खराब होती. नवी पिन काही रुपयांत आली आणि ती बसवायला दोन मिनिटं लागली. त्या पहाटे चोर्ल्यात जे झालं, त्याचीही सुरुवात बहुधा अशाच एखाद्या पिनेपासून झाली असेल.

हवेखेरीज आम्ही महिन्यातून एकदा ट्रेडची खोली मोजतो आणि झीज कशी आहे ते हात फिरवून पाहतो. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत असेल तर हवा कमी राहते आहे. मध्यच झिजला असेल तर जास्त आहे. पुढच्या चाकाची एकच कड झिजत असेल तर अलाइनमेंट बिघडलंय. हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत आणि उलट फिरवला तर करवतीसारखं लागलं, तरी तेच. मध्येमध्ये खड्डे पडल्यासारखी झीज दिसली तर शॉक अॅब्सॉर्बर किंवा चाकाचं बेअरिंग पाहायचं. त्या वेळी नुसता टायर बदलला तर नवाही तसाच झिजतो.

जोडीचा एक नियम मला आधी माहीत नव्हता. मागच्या एका बाजूला एक नवा आणि एक अर्धा झिजलेला टायर लावू नये. मोठा टायर ओझं घेतो, आणि लहान टायर त्याच फेऱ्यात कमी अंतर चालत असल्यामुळे घासत फरफटतो. ट्रेडच्या खोलीतला फरक तीन मिलिमीटरच्या आत हवा. आमच्याकडे आधी जो टायर हाताला येई तो चढत असे. आता वहीत पाहून जोड्या लावतो.

टायर कधी काढायचा

कायद्याने टेम्पोच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोली लागते. बाबा तिथपर्यंत, खरं तर त्याच्याही पुढे, टायर वापरत. टायर संपेपर्यंत वापरला म्हणजे पैसे वसूल झाले, हा त्यांचा हिशोब. मी तो किलोमीटरवर मांडून दाखवला. आकडे आमच्या वहीतले आहेत. तुमच्याकडे भाव वेगळे असतील.

नवा टायर ९,००० रुपयांचा. नीट हवेवर तो ४५,००० किलोमीटर गेला, म्हणजे किलोमीटरला २० पैसे. तो तीन मिलिमीटरवर असतानाच उतरवला तर आतला सांगाडा शाबूत राहतो आणि त्यावर नवा ट्रेड चढवता येतो. रिट्रेडला ३,००० रुपये लागले आणि तो आणखी ३०,००० चालला. म्हणजे १२,००० रुपयांत ७५,००० किलोमीटर, किलोमीटरला १६ पैसे. चोर्ल्यात शिजलेला टायर १८,००० वर गेला होता. त्याचे किलोमीटरला ५० पैसे पडले आणि सांगाडाही भंगारात गेला. त्यात वाया गेलेली भाजी धरलेली नाही.

बाबा वही बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे टायर मी जास्त वापरून महाग करत होतो."

रिट्रेडला मर्यादा आहेत. तो आम्ही फक्त मागे लावतो, पुढे कधीच नाही. पुढचा टायर गेला तर स्टिअरिंगच हातातून जातं. एकदा हवा कमी असताना चाललेला टायर रिट्रेडला पाठवत नाही, कारण बाहेरून तो चांगला दिसला तरी आतले दोरे सुटलेले असू शकतात. आणि चाक बदललं की पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे. नवीन बसलेलं चाक जागा धरतं तसे नट सैल होतात.

मामांची अडचण

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या दोन महिन्यांत वहीतले आकडे फार सुंदर येत होते. प्रत्येक सोमवारी सगळे टायर ८५. मला शंका आली. एका सोमवारी मी स्वतः मोजलं तर दोन टायर ७४ वर होते.

मामांना विचारलं तेव्हा ते आधी गप्प बसले. मग म्हणाले, "बाय, गाडी रस्त्यात पडली की फेरीचा भत्ता कापतात. मग आधीच कमी हवा लिहिली तर विचारणार, का पाहिली नाहीस म्हणून." बरोबर होतं त्यांचं. आमच्याच पद्धतीने त्यांना लपवायला शिकवलं होतं. बाबांनी भत्ता कापणं बंद केलं. उलट कमी हवा किंवा सुजलेला होज शोधून लिहिला तर त्या दिवशीचा चहा-नाश्ता आमच्याकडून. त्यानंतर वहीत ७४ आणि ७९ दिसायला लागले, आणि वही खरी झाली.

वर्षभरानंतर मोजलं तेव्हा रस्त्यात पाच गाड्या पडल्या होत्या. दोन टायरने, एक खिळा आणि एक घाटात पडलेला धारदार दगड. एक वायर उंदराने कुरतडली. एक क्लच केबल. एक सेन्सर, जो रात्री चालू होता आणि सकाळी बंद. या पाचांपैकी कुठलाही फळ्याला किंवा वहीला आधी दिसला नसता. त्यासाठी स्टेपनीची हवा, जॅक, मागे ठेवायचे परावर्तक त्रिकोण आणि एक चमकणारं जाकीट गाडीत असतंच. तेही आता सोमवारच्या यादीत आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांकडे टेम्पो नसेल, पण गाडी असेल. तिच्या टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तकात हवेचा आकडा लिहिलेला असतो. आणि डिकीत पडलेल्या स्टेपनीची हवा शेवटची कधी मोजली होती, ते आठवून बघा.

२०२४ ची चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. ५ तारखेच्या पहाटे मी जागीच होते. साडेपाचला मामांचा फोन आला. केरीला चहा प्यायला थांबले होते. मी विचारलं, "मामा, टायर?" ते म्हणाले, "हात लावून बघितले गे बाय. चारही सारखेच गरम आहेत." मग मी झोपले.